वर्गात नसलेले विद्यार्थी: एका लघुप्रबंधाच्या निष्कर्षाचे प्रकरण

(यातील व्यक्तींची ओळख पटू नये म्हणून नावे आणि काही तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

मेघना पदव्युत्तर वर्गाची विद्यार्थिनी. लघुप्रबंधासाठी तिने विषय निवडला होता, 'अर्धवेळ काम आणि पदवी विद्यार्थ्यांची शैक्षणिक प्रगती'. शिकता शिकता काम करणाऱ्या मुलांचे अभ्यासात नुकसान होते का, हा तिचा प्रश्न. विषय चांगला होता आणि आवाक्यातलाही होता. आमच्या विभागाच्या संशोधन समितीने तिचा आराखडा फारशी चर्चा न करता मंजूर केला. आराखड्याच्या छापील फॉर्ममध्ये 'नमुन्याची संख्या' असा रकाना होता. तिथे तिने '७० ते ८०' असे लिहिले आणि तेवढ्यावर सगळ्यांचे समाधान झाले.

माहिती गोळा करण्याची पद्धत नेहमीचीच होती. तिसऱ्या वर्षाच्या वर्गांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिने ऑनलाइन प्रश्नावलीची लिंक टाकली. त्यातून ४८ उत्तरे आली. आणखी हवी होती म्हणून एका सकाळी अकराच्या तासानंतर वर्गातच छापील फॉर्म वाटले, त्यातून २६ मिळाली. एकूण ७४. त्यांपैकी २९ जण अर्धवेळ काम करणारे, ४५ न करणारे. गुण विद्यार्थ्यांनी स्वतःच लिहून दिले होते. काम करणाऱ्यांची सरासरी ६१.८ टक्के, न करणाऱ्यांची ६२.४ टक्के. दोन सरासऱ्यांमधला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे पाहणारी टी-टेस्ट केली तेव्हा फरक 'सार्थ नाही' असे उत्तर आले.

पहिल्या मसुद्यातला निष्कर्ष असा होता: "अर्धवेळ काम करण्याचा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक प्रगतीवर परिणाम होत नाही." त्याखाली शिफारस होती की संस्थांनी विद्यार्थ्यांना काम करायला प्रोत्साहन द्यावे.

अडचण कुठे दिसली

ती आकड्यांमध्ये दिसली नाही. प्रश्नावलीच्या शेवटी 'आणखी काही सांगायचे असल्यास' असा रिकामा चौकोन होता. बहुतेकांनी तो कोरा सोडला होता. एकाने लिहिले होते: "मी सकाळी सहा ते दुपारी दोन कामावर असतो. वर्गात येत नाही. मित्राने लिंक पाठवली म्हणून भरतोय."

मेघनाच्या गाईड मॅडमनी मसुदा वाचताना या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि समासात लिहिले, "असे आणखी किती आहेत? आणि ते आपल्यापर्यंत कसे पोहोचले असते?"

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना सगळी मांडणीच हलली. ७४ उत्तरे येण्याआधी विद्यार्थी एकामागोमाग तीन चाळण्यांतून गेले होते, हे तेव्हा लक्षात आले.

पहिली चाळणी म्हणजे तिसऱ्या वर्षापर्यंत टिकणे. तीन वर्षांपूर्वी या तुकडीत ४१२ जणांनी प्रवेश घेतला होता आणि आता पटावर ३३१ होते. मधले ८१ जण शिक्षण सोडून गेले होते. कामामुळे ज्याचे शिक्षणच थांबले, तो या अभ्यासात येण्याची शक्यता शून्य होती. म्हणजे कामाने होऊ शकणारे सर्वांत मोठे नुकसान मोजण्याची सोयच या नमुन्यात नव्हती.

दुसरी चाळणी वेळेची. सकाळी अकराच्या तासाला जो हजर असतो, त्याचे काम बहुधा संध्याकाळचे किंवा सुट्टीच्या दिवशीचे असणार. मेघनाने फॉर्म पुन्हा चाळले तेव्हा काम करणाऱ्या २९ पैकी २२ जण आठवड्याला दहा तासांपेक्षा कमी काम करणारे निघाले. 'अर्धवेळ काम' या एका रकान्यात आठवड्याला चार तास शिकवणी घेणारी मुलगी आणि रोज आठ तास उभे राहून काम करणारा मुलगा शेजारी शेजारी बसले होते. त्यातही पहिल्या प्रकारचेच जास्त होते.

तिसरी चाळणी फॉर्म भरण्याच्या इच्छेची. ज्यात स्वतःचे गुण लिहायचे आहेत असा फॉर्म कमी गुण मिळालेला विद्यार्थी टाळण्याची शक्यता जास्त. याबद्दल आमच्याकडे पुरावा नव्हता, तो फक्त अंदाज होता.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की पहिल्या दोन चाळण्या एकाच बाजूला झुकलेल्या होत्या. ज्यांना काम जड गेले तेच गळत होते आणि ज्यांना झेपले ते उरत होते. उरलेल्यांकडे पाहून 'कामाचा परिणाम होत नाही' असे म्हणणे म्हणजे आधी परिणाम झालेल्यांना बाजूला काढून मग उरलेल्यांमध्ये परिणाम शोधणे. नमुना 'प्रातिनिधिक नव्हता' एवढे म्हणून थांबलो असतो तर हे दिसले नसते. चूक कोणत्या दिशेने होते आहे, हे विचारल्यावरच ते दिसले.

दुसरी चूक वेगळ्या जातीची होती. फरक 'सार्थ नाही' याचा अर्थ मेघनाने 'फरक नाही' असा घेतला होता. गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत हे सांगणारे प्रमाण विचलन दोन्ही गटांत साधारण ९ होते. त्यावरून ९५ टक्के विश्वासाच्या मर्यादा काढल्या तर काम न करणाऱ्यांची आघाडी उणे ३.७ पासून अधिक ४.९ पर्यंत कुठेही असू शकत होती. म्हणजे काम करणारे खरोखर पाचेक टक्क्यांनी मागे असले, तरी एवढ्या लहान नमुन्यात असाच निकाल येऊ शकला असता. ते पावणेचार टक्क्यांनी पुढे असले, तरीही. या माहितीला 'परिणाम नाही' हे सिद्ध करण्याची ताकदच नव्हती.

समोर असलेले पर्याय

जमा करायला सहा आठवडे उरले होते. मेघना, तिच्या मॅडम आणि समितीतले आम्ही दोघे बसलो तेव्हा चार पर्याय पुढे आले.

मेघनाचा पहिला प्रस्ताव होता की आणखी फॉर्म भरून घ्यावेत. ७४ चे ३०० करावेत, म्हणजे कुणाला 'नमुना लहान' म्हणता येणार नाही. हे जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनात पहिल्यांदा येते आणि म्हणूनच त्यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. नमुना वाढवला की योगायोगाने होणारी चूक कमी होते. पण दारच चुकीचे असेल तर त्याच दारातून अधिक माणसे आत घेऊन काही साधत नाही. मॅडमनी तिला अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाची १९३६ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीची मतचाचणी सांगितली. त्यांनी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. पत्ते मुख्यतः टेलिफोनच्या याद्या आणि मोटारींच्या नोंदणीतून घेतले होते. वीस लाखांहून कितीतरी अधिक उत्तरे परत आली आणि त्यावरून त्यांनी लँडन सहज जिंकतील असे छापले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना साठ टक्क्यांहून जास्त मते पडली आणि त्यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्ते एका थरातले होते हे तर झालेच, पण मतपत्रिका मिळूनही ज्यांनी ती परत पाठवली नाही ते पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे होते. आमच्या बाबतीत तर अधिक फॉर्ममुळे प्रकरण आणखी बिघडले असते. विश्वासाच्या मर्यादा अरुंद झाल्या असत्या आणि तोच चुकीचा निष्कर्ष जास्त खात्रीने लिहिला गेला असता.

दुसरा पर्याय होता माहिती तीच ठेवायची आणि दावा आवळायचा. 'महाविद्यालयीन विद्यार्थी' काढून 'या संस्थेतील, तिसऱ्या वर्षापर्यंत पोहोचलेले, वर्गात येणारे आणि प्रश्नावली भरणारे विद्यार्थी' असे लिहायचे. हे प्रामाणिक झाले असते. पण मेघनाने त्यावर जे विचारले ते रास्त होते, "मग मॅडम, हे कुणाला का वाचावंसं वाटेल?"

तिसरा पर्याय, नमुना नव्याने निवडायचा. वर्गातून न निवडता तीन वर्षांपूर्वीच्या प्रवेशाच्या यादीतून, म्हणजे सोडून गेलेलेही निवडले जातील असा. चौथा, संख्या सोडून देऊन आठ-दहा जणांच्या सविस्तर मुलाखती घ्यायच्या. चौथा मला वैयक्तिकरीत्या आवडला होता, पण मेघनाला मुलाखतींचा सराव नव्हता आणि मूळ प्रश्न 'किती' असा होता. म्हणून तो मागे पडला.

ठरले ते दुसऱ्या आणि तिसऱ्याची सांगड घालण्याचे. पहिली पाहणी फेकायची नाही. ती जशी झाली तशी, तिच्या मर्यादांसह लिहायची आणि जोडीला यादीवरून नवा नमुना घ्यायचा.

प्रत्यक्ष काय केले

कार्यालय विद्यार्थ्यांची नावे आणि फोन नंबर मेघनाला देणार नव्हते आणि ते बरोबरच होते. म्हणून कार्यालयाने तिला फक्त १ ते ४१२ अनुक्रमांक दिले. तिने स्प्रेडशीटमध्ये शेजारच्या स्तंभात `=RAND()` घातले, त्या स्तंभाप्रमाणे क्रम लावला आणि पहिले ८० क्रमांक घेतले. इथे एक बारकी गोष्ट आहे. `RAND()` चे आकडे शीटमध्ये काहीही बदलले की पुन्हा नव्याने तयार होतात. ते आधी केवळ मूल्ये म्हणून चिकटवून गोठवले नाहीत, तर कोणते ८० निवडले याचा पुरावा राहत नाही आणि नकळत का होईना, सोयीची यादी येईपर्यंत क्रम बदलत राहण्याची वाट मोकळी राहते. मेघनाने ते गोठवले आणि ती फाइल त्याच दिवशी मॅडमना मेल केली.

निवडलेल्या ८० जणांना कार्यालयाने स्वतःच्या नंबरवरून निरोप पाठवला. ज्यांनी संमती दिली त्यांच्याशीच मेघना बोलली. दोनदा आठवण करून दिली. गुण या वेळी विद्यार्थ्यांना विचारले नाहीत. संमती असलेल्यांचे गुण निकालपत्रकावरून घेतले. कामाबाबतही 'हो' किंवा 'नाही' असे न विचारता आठवड्याचे तास आणि दिवसातली वेळ विचारली.

८० पैकी ६४ अजून शिकत होते आणि १६ सोडून गेलेले होते. शिकणाऱ्यांपैकी ५० जणांनी उत्तर दिले. सोडून गेलेल्यांपैकी फक्त ७ जणांनी.

शिकणाऱ्या ५० पैकी २१ काम करत होते. त्यांची सरासरी ५८.९, काम न करणाऱ्या २९ जणांची ६२.७. फरक ३.८ टक्क्यांचा, पहिल्या पाहणीतल्या ०.६ पेक्षा बराच मोठा. पण विश्वासाच्या मर्यादा उणे १.४ ते अधिक ९.० अशा होत्या, म्हणजे शून्य अजूनही त्यांच्या आतच होते.

दुसरी उडी, उलट दिशेने

या प्रकरणातला सर्वांत नाजूक टप्पा इथे आला. शिक्षण सोडलेल्या ज्या सात जणांशी बोलणे झाले, त्यांतले पाच जण कॉलेजात असताना काम करत होते. मेघना ते बोलणे संपवून आली तेव्हा हललेली होती. एका मुलीने तिला सांगितले होते की परीक्षेच्या दिवशी सुट्टी मागितली म्हणून तिचे काम गेले आणि पुढच्या वेळी तिने परीक्षाच सोडली. अशी गोष्ट ऐकल्यावर मनात शंका उरत नाही. नव्या मसुद्यात वाक्य आले: "शिक्षण सोडणाऱ्यांपैकी ७१ टक्के विद्यार्थी काम करणारे होते, तर टिकून राहिलेल्यांत हे प्रमाण केवळ ४२ टक्के आहे. यावरून कामामुळे गळती वाढते हे स्पष्ट होते."

पहिल्या निष्कर्षाच्या अगदी उलट निष्कर्ष आणि त्यामागची चूक मात्र तीच. ही चूक ओळखणे जास्त अवघड असते, कारण आता वाक्य आपल्याला पटणारे असते. आपण एकदा चुकून सावरलो आहोत, या भावनेमुळेही पहारा सैल होतो.

मॅडमनी तिला एक साधा हिशेब करायला सांगितला. सोडून गेलेले १६. त्यांतल्या सात जणांचे माहीत आहे, ५ काम करणारे, २ न करणारे. उरलेल्या नऊंबद्दल काहीच माहीत नाही. समजा त्या नऊपैकी कुणीच काम करत नव्हते, तर १६ पैकी ५, म्हणजे सुमारे ३१ टक्के. समजा नऊही जण काम करत होते, तर १६ पैकी १४, म्हणजे सुमारे ८८ टक्के. खरे प्रमाण या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे आणि टिकलेल्यांचे ४२ टक्केही त्याच पट्ट्यात येतात. म्हणजे निवडलेल्या या १६ जणांपुरते बोलायचे तरी ते टिकलेल्यांपेक्षा जास्त काम करत होते की कमी, हेच ठरत नाही. मग सगळ्या ८१ बद्दल काही म्हणणे तर दूरच. आणि यात टिकलेल्यांपैकी उत्तर न दिलेले १४ धरलेलेच नाहीत.

मेघनाने विचारले की दोन्ही टोके अवास्तव नाहीत का, नऊच्या नऊ जण सारखेच कसे असतील. बरोबर आहे, ती अवास्तव आहेत. पण मधले कोणते प्रमाण खरे, हे सांगायला आमच्याकडे कसलाच आधार नव्हता. उत्तर न देणारे उत्तर देणाऱ्यांसारखेच असतात, असे गृहीत धरूनच ७१ हा आकडा येतो आणि पहिल्या पाहणीने नेमके हेच गृहीत मोडून दाखवले होते. जो दिवसभर कामावर असतो तो फोन उचलत नसेल, म्हणून खरे प्रमाण ७१ पेक्षा जास्तही असेल. किंवा ज्याने कामामुळे शिक्षण सोडले त्याला या विषयावर बोलावेसे वाटले, ज्याने दुसऱ्या कारणाने सोडले त्याला वाटले नाही, म्हणून कमीही असेल.

शिवाय गळती आणि काम एकत्र दिसले तरी कामामुळेच गळती झाली असे होत नाही. घरची ओढाताण दोन्हींच्या मुळाशी असू शकते. हा मुद्दा मेघनाला आधीपासून माहीत होता आणि मसुद्यात तो 'मर्यादा' या शीर्षकाखाली होताही. पण तिथे मर्यादा लिहून निष्कर्षात 'हे स्पष्ट होते' असे म्हटले, तर वाचणारा निष्कर्षच घेऊन जातो.

निष्पत्ती

शेवटी प्रबंधात गेलेला निष्कर्ष असा: "तिसऱ्या वर्षापर्यंत टिकलेल्या आणि या पाहणीला उत्तर दिलेल्या विद्यार्थ्यांमध्ये काम करणाऱ्यांची सरासरी टक्केवारी काम न करणाऱ्यांपेक्षा ३.८ ने कमी आढळली. नमुना लहान असल्याने खरा फरक शून्य किंवा याच्या दुपटीहून अधिकही असू शकतो. शिक्षण सोडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांशी संपर्क झाला नाही, त्यामुळे काम आणि गळती यांच्या संबंधाबद्दल या माहितीवरून विधान करता येत नाही."

शीर्षकात संस्थेचा प्रकार आणि तुकडी आली. प्रोत्साहनाची शिफारस निघाली. त्या मुलीची हकिकत ठेवली, तिची संमती घेऊन, 'असे घडू शकते' याचा दाखला म्हणून. 'असे सहसा घडते' याचा पुरावा म्हणून नाही. एका हकिकतीने तेवढे सिद्ध होते आणि तेवढ्यासाठी ती मोलाची आहे.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारले, "मग तुमच्या प्रबंधातून कळलं काय?" मेघनाने दोन्ही पाहण्यांचे आकडे शेजारी ठेवले. वर्गात आणि ग्रुपवर विचारले तेव्हा फरक ०.६, यादीवरून निवडून विचारले तेव्हा ३.८. नमुना कुठून घेतला यामुळे उत्तर बदलले असावे, असे ती म्हणाली आणि लगेच पुढे जोडले की दोन्ही आकड्यांच्या विश्वासाच्या मर्यादा एकमेकींत मिसळतात, शिवाय गुण एकदा विचारून घेतले आणि एकदा निकालपत्रकावरून, म्हणून हेही ठामपणे म्हणता येत नाही. परीक्षकांनी यावर बराच वेळ चर्चा केली. गुण चांगले मिळाले, पण फार वरचे नाहीत. शेऱ्यात 'निष्कर्ष मर्यादित' असे होते. मला तो शेरा अन्यायाचा वाटला. माहितीत होते तेवढेच तिने लिहिले होते आणि पहिल्या मसुद्यातले धीट वाक्य ठेवले असते तर कदाचित असा शेरा आलाच नसता. विद्यार्थी मोठे दावे का करतात याचे एक कारण आपल्या मूल्यमापनातही आहे, हे मान्य करायला हवे.

काय वेगळे करता आले असते

सगळ्यात आधी, प्रश्नावली तयार करण्यापूर्वी एक वाक्य लिहून घ्यायला हवे होते: 'मला कुणाबद्दल बोलायचे आहे आणि त्या सगळ्यांची यादी कुणाकडे आहे?' तसे केले असते तर प्रवेशाची यादी पहिल्याच आठवड्यात आठवली असती. पहिल्या पाहणीत गेलेला वेळ सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांना शोधण्यात लागला असता.

दुसरे, ८० जणांचा एकच नमुना काढण्याऐवजी यादीचे दोन भाग करायला हवे होते. शिकणाऱ्यांमधून ४० आणि सोडून गेलेल्यांमधून ४०, आणि तुकडीबद्दल एकत्रित बोलताना प्रत्येक भागाला त्याच्या खऱ्या प्रमाणाचे वजन. साध्या यादृच्छिक निवडीत सोडून गेलेले सुमारे १६ च येणार हे आधीच दिसत होते, कारण तुकडीत ते साधारण पाचात एक होते. ज्यांच्यावर सारा प्रश्न अवलंबून होता तेच सर्वांत थोडे आले. हे समितीतल्या आमच्यापैकी कुणीतरी त्या बैठकीत सुचवायला हवे होते.

तिसरे, निरोपांना प्रतिसाद कमी येणार हे धरून संपर्काचा दुसरा मार्ग तयार ठेवायला हवा होता. न भेटलेल्या नऊपैकी निदान चार-पाच जण जुन्या वर्गमित्रांकरवी, कार्यालयाच्याच मार्फत, मिळाले असते, तर ३१ ते ८८ चा पट्टा बराच आवळला असता. अशा वेळी नवे ८० निवडण्यापेक्षा जुन्यांतल्या एकेकाच्या मागे लागण्यात वेळ घालवलेला चांगला.

आराखड्याच्या फॉर्ममध्ये आता 'नमुन्याची संख्या' या रकान्याच्या आधी दोन नवे रकाने आहेत: 'नमुना कोणत्या यादीतून काढणार' आणि 'या पद्धतीने कोण निवडले जाणे शक्य नाही'. दुसरा रकाना कोरा असलेला आराखडा समिती परत पाठवते.